चौथ्या बहिणीचा प्रश्न

आनुवंशिकतेचं प्रेझेंटेशन संपत आलं की शेवटच्या दोन-तीन स्लाइडवर प्रश्न येतात. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. कितीतरी वर्षं माझ्याही शेवटच्या स्लाइडवर सगळ्यांच्या असतात तेच प्रश्न होते. वाहक म्हणजे काय? समयुग्मजी आणि विषमयुग्मजी यांत फरक काय? हिमोफिलियाचा वारसा कोणत्या प्रकारचा? मुलं भराभर हात वर करायची, उत्तरं बरोबर यायची आणि तास समाधानानं संपायचा.

एकदा वेळ उरला म्हणून मी फळ्यावर एक छोटी वंशावळ काढली. आई-वडील दोघं निरोगी. थोरल्या मुलीला थॅलेसेमिया. धाकटा भाऊ चांगला वीस वर्षांचा, ठणठणीत. विचारलं, हा भाऊ वाहक असण्याची शक्यता किती? जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, निम्मी. वाहक शब्दाची व्याख्या ज्या मुलीनं पाच मिनिटांपूर्वी अचूक सांगितली होती, तीही निम्मीच म्हणाली.

मी फळ्यावर चार चौकटी काढल्या. एका चौकटीत दोन्हीकडून चांगलं जनुक, दोन चौकटींत एकीकडून चांगलं आणि एकीकडून बिघडलेलं, चौथीत दोन्हीकडून बिघडलेलं. मग विचारलं, भाऊ आजारी आहे का? नाही. मी डस्टर घेतला आणि चौथी चौकट पुसून टाकली. उरल्या तीन. त्यातल्या दोन वाहकाच्या. उत्तर ३ पैकी २. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, पण हे तर आम्हाला माहीत होतं.” खरंच होतं. चौकटी त्यांना पाठ होत्या. भाऊ निरोगी आहे ही माहिती उत्तरात धरायची असते, एवढंच त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी असे प्रश्न गोळा करायला लागले आणि एकेकाचं मूळ शोधत मागं जाऊ लागले. तेव्हा लक्षात आलं की हे प्रश्न परीक्षेसाठी जन्मलेलेच नाहीत. त्यांच्यामागं कुणीतरी खरं माणूस उभं आहे, बहुतेक वेळा पोटात किंवा मांडीवर मूल असलेली बाई, आणि ती विचारते आहे की माझ्या मुलाचं काय. पारिभाषिक शब्द पुष्कळ नंतर आले.

मला सापडलेला सगळ्यात जुना प्रश्न ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात आहे. ज्यू मुलाची सुंता जन्मानंतर आठव्या दिवशी होते. त्सिप्पोरी गावातल्या चार बहिणींची गोष्ट तिथं सांगितली आहे. पहिलीच्या मुलाची सुंता केली आणि तो मेला. दुसरीचा मेला. तिसरीचाही मेला. चौथी बहीण आपलं बाळ घेऊन रब्बान शिमोन बेन गमलिएल यांच्याकडं गेली. ते म्हणाले, याची सुंता करू नकोस. त्याच ठिकाणी आणखी एक वाद नोंदवला आहे: एकाच बाईची किती मुलं अशी गेली म्हणजे पुढच्याला सूट द्यायची? कुणी म्हणतं दोन, कुणी म्हणतं तीन. पुढं बाराव्या शतकात मायमोनिडीस या वैद्यानं आणि धर्मशास्त्रकारानं स्पष्ट लिहिलं की बाईनं दुसरं लग्न केलं असलं तरी तिच्या मुलाला ही सूट लागू आहे. म्हणजे दोष बापाकडून येत नाही, आईकडून येतो, हे ओळखलेलं होतं. जनुक, गुणसूत्र, हिमोफिलिया यांतला एकही शब्द तेव्हा नव्हता.

चौथ्या बहिणीचा हा प्रश्न मी जसाच्या तसा वर्गात ठेवते. तीन बहिणी वाहक निघाल्या, तर चौथी वाहक असण्याची शक्यता किती? इथं उत्तरं दोन बाजूंना पळतात. काही जण म्हणतात, तिघी निघाल्या म्हणजे चौथीही असणारच. काही म्हणतात, चारांत दोनच वाहक असायला हव्यात, तीन तर होऊन गेल्या, म्हणून चौथी सुटली. दोन्ही चूक. वडील निरोगी होते असं धरलं, तर तीन बहिणींकडून आपल्याला कळतं ते त्यांच्या आईबद्दल: ती वाहक होती. आईच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक सदोष. चौथ्या मुलीला त्यातलं कोणतं आलं हे तिच्या जन्माच्या वेळी नव्यानं ठरलं, आणि थोरल्या बहिणींना काय आलं याची तिथं नोंद नसते. म्हणून चौथी वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि तिच्या मुलाला आजार असण्याची शक्यता ४ पैकी १. रब्बानचा निर्णय तरीही योग्यच होता, कारण चारांत एक हा धोका बाळाच्या जिवावर घेण्याइतका लहान नाही. शक्यता काढणं वेगळं आणि तिच्यावरून काय करायचं ते ठरवणं वेगळं, हेही या एका प्रश्नातून शिकवता येतं.

यानंतरचा मोठा टप्पा अमेरिकेत आहे. १८०३ साली फिलाडेल्फियातले डॉक्टर जॉन कॉनराड ओटो यांनी अशा एका कुटुंबाची हकिगत छापली. त्याच्या सत्तर-ऐंशी वर्षं आधी न्यू हॅम्पशरमधल्या प्लिमथजवळ स्मिथ नावाची एक बाई येऊन राहिली आणि तिच्या वंशात ही रक्त न थांबण्याची खोड उतरली. रक्त फक्त पुरुषांचं वाहतं, पण ते पुढं नेतात त्या मुली, आणि त्या स्वतः निरोगी असतात, असं ओटोंनी लिहिलं. १८२० मध्ये बॉनच्या क्रिस्टियान फ्रीडरिश नास्से यांनी याचा नियम मांडला. आणि हिमोफिलिया हा शब्द? तो १८२८ चा. नियम आधी झाला, नाव नंतर मिळालं.

इथं मला आपल्याकडच्या वंशावळीबद्दल थोडं सांगावंसं वाटतं. वंशावळ हा शब्द मराठी घरात परका नाही. वारसनोंदीला ती लागते, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपड्यांत ती असते, दक्षिण महाराष्ट्रात हेळवी ती वाचून दाखवतात. मी मुलांना एकदा घरची वंशावळ आणायला सांगितली. बहुतेकांनी आणली त्यात पणजोबा, आजोबा, त्यांचे भाऊ, त्यांचे मुलगे अशी पुरुषांचीच रांग होती. मुली लग्न होऊन गेल्या आणि कागदावरून पुसल्या गेल्या. अशा वंशावळीवर हिमोफिलिया दिसणारच नाही. एका मावशीचा मुलगा आजारी, दुसऱ्या मावशीचा नातू आजारी, आणि त्यांना जोडणारी बाईच कागदावर नाही. जमिनीच्या वारशासाठी काढलेला कागद रक्ताचा वारसा दाखवत नाही.

पण आपल्या बोलीनं जे जपलं ते इंग्रजीला जमलेलं नाही. इंग्रजीत सगळे एका शब्दात ‘कझिन’. आपल्याकडं चुलतभाऊ, आत्तेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ. नातं कोणत्या बाजूनं आणि कोणत्या बाईतून आलं हे शब्दातच आहे. म्हणून माझा आवडता प्रश्न एका ओळीचा आहे: आत्तेभावाला हिमोफिलिया आहे, तुझ्या घराला धोका किती? मुलं आधी ४ पैकी १, ८ पैकी १ असं काहीतरी गुणायला लागतात. मग एखादीला सुचतं की आत्याकडून माझ्याकडं यायची वाट बाबांमधून जाते. आजी वाहक असेल, आत्या वाहक असेल, पण बाबा स्वतः निरोगी आहेत. पुरुषाकडं एकच एक्स असतं. ते सदोष असतं तर बाबा आजारी असते. वाट तिथंच संपली. आकडेमोड करायची गरजच नाही. ‘मावसभाऊ’ म्हटलं की वाट उघडी राहते, कारण ती आईमधून जाते. मी या मावसभावाकडं पुन्हा येणार आहे.

फळ्यावरच्या त्या ३ पैकी २ चं मूळ कुठं आहे? ते मेंडेलच्या मटारात आहे, आणि बहुतेक पाठ्यपुस्तकं ते गाळतात. ३:१ सगळ्यांना माहीत असतं. पण मेंडेलनं तिथं न थांबता विचारलं की हे जे तीन सारखे दिसतात, ते आतून सारखे आहेत का? उत्तर काढायला त्यानं उपाय केला तो असा: प्रत्येक झाड स्वतःशीच फलित होऊ द्यायचं आणि संतती पाहायची. गोल बियांपासून त्यानं ५६५ झाडं वाढवली. त्यातल्या १९३ झाडांना फक्त गोल बिया आल्या, ३७२ झाडांना गोल आणि सुरकुतलेल्या दोन्ही. म्हणजे बाहेरून निरोगी दिसणाऱ्यांत जवळपास ३ पैकी २ वाहक. १८६६ साली छापलेल्या त्या निबंधात जनुक हा शब्द नाही, समयुग्मजी नाही, विषमयुग्मजी नाही. हे शब्द विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत घडवले गेले. आपल्या शेवटच्या स्लाइडवरच्या शब्दार्थाच्या प्रश्नांतला एकही मेंडेलला सोडवता आला नसता. वंशावळीचा प्रश्न मात्र त्यानंच सोडवून ठेवला होता.

याच प्रयोगात आणखी एक सुंदर प्रश्न दडलेला होता आणि तो दिसायला सत्तर वर्षं लागली. बियांचा आकार शेंग उघडल्यावर लगेच दिसतो. पण फुलाचा रंग, झाडाची उंची अशा गुणांसाठी संततीची रोपं लावून वाढवावी लागतात. त्यासाठी मेंडेलनं एकेका गुणाची १०० झाडं निवडली आणि प्रत्येकाच्या फक्त १० बिया लावल्या. दहाही रोपं प्रभावी गुणाची निघाली की ते झाड शुद्ध धरलं. १९३६ मध्ये इंग्लंडचे सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी विचारलं: वाहक झाड असूनही दहाच्या दहा रोपं प्रभावी निघण्याची शक्यता किती? प्रत्येक रोप प्रभावी दिसण्याची शक्यता पाऊण. पाऊण स्वतःशी दहा वेळा गुणा. येतात सुमारे ५.६ टक्के. म्हणजे शंभर वाहकांतले पाच-सहा चुकून शुद्ध म्हणून मोजले जाणार. अशा ६०० झाडांत शुद्ध म्हणून सुमारे २२२ यायला हवी होती. मेंडेलची आली २०१, म्हणजे चूक न धरता काढलेल्या २०० च्या अगदी जवळ. मेंडेलचे आकडे इतके नेटके कसे, यावर तेव्हापासून वाद चालू आहे आणि तो इथं मिटवायचं कारण नाही. वर्गासाठी महत्त्वाचं हे की ‘दहा निरोगी मुलं झाली म्हणजे आई-बाप वाहक नाहीत’ हे म्हणणं किती पक्कं, हा प्रश्न तिथं आकड्यात विचारला गेला.

माणसाच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी होती. माणसांची घरं आपण लावलेली नसतात. ती दवाखान्यात आल्यावर आपल्याला दिसतात. श्टुटगार्टमध्ये डॉक्टरकी करणारे विल्हेल्म वाइनबर्ग यांच्या हे लक्षात आलं आणि १९१२ मध्ये त्यांनी त्यावर दुरुस्ती सुचवली. त्यांचा मुद्दा मी असा मांडते. आई-वडील दोघेही थॅलेसेमियाचे वाहक आणि मुलं दोन, अशी १६ घरं घ्या. हिशोबानं त्यातल्या ९ घरांत दोन्ही मुलं निरोगी, ६ घरांत एक आजारी, १ घरात दोन्ही आजारी. आता दवाखान्यात येणार कोण? ती ९ घरं कधीच येणार नाहीत. त्यांना आपण वाहक आहोत हेही कळणार नाही. येतील ७ घरं. त्यांत मुलं १४, आजारी ८. म्हणजे निम्म्याहून जास्त! हे आकडे मी मुलांसमोर ठेवते आणि सांगते, एकानं हे पाहून निष्कर्ष काढला की आजार प्रभावी आहे, कारण निम्म्यापेक्षा जास्त मुलांना होतो. त्याचं काय चुकलं? व्याख्या पाठ असलेल्या मुलाला इथं व्याख्येचा काहीच उपयोग होत नाही. जी घरं समोर आलीच नाहीत ती डोळ्यांपुढं आणावी लागतात. एका वर्षी एका मुलानं उत्तरपत्रिकेत एवढंच लिहिलं होतं: “नऊ घरं कुठं आहेत?” मी त्याला पूर्ण गुण दिले.

आपण आज पुरुषाला चौकोन आणि बाईला वर्तुळ काढतो. हा चौकोन कुठून आला हेही मुलांना कळायला हवं, कारण त्याचा इतिहास काळा आहे. ब्रिटिश अभ्यासक वंशावळीत मंगळ आणि शुक्राची चिन्हं वापरत. चौकोन-वर्तुळाचा प्रसार अमेरिकेतून झाला, आणि त्यात न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथं १९१० मध्ये निघालेल्या सुप्रजननवाद्यांच्या नोंदणी कचेरीचा मोठा वाटा होता. तिथले कार्यकर्ते घरोघर जाऊन मंदबुद्धी, दारूबाज, भटके अशी माणसं नोंदवत आणि चौकोन काळे करत. १९१२ साली हेन्री गॉडार्ड यांनी ‘कॅलिकाक’ असं टोपणनाव दिलेल्या एका घराण्याची वंशावळ प्रसिद्ध केली. तिच्यातल्या कित्येकांना कुणी तपासलेलंच नव्हतं. ते केव्हाच मरून गेले होते आणि शेजारपाजारच्या आठवणींवरून त्यांच्यावर मंदबुद्धीचा शिक्का बसला होता. अशा कागदांच्या वातावरणात सक्तीच्या नसबंदीचे कायदे झाले आणि १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांतल्या एकाला मान्यता दिली. म्हणून वंशावळ वाचायला देताना मी एक प्रश्न नेहमी घालते: हा चौकोन काळा कुणी केला, आणि कशावरून? रक्ताची तपासणी होती, की आजीची आठवण? काळा रंग चुकीचा असेल तर पुढची सगळी आकडेमोड बरोबर येऊनही उत्तर खोटं असतं.

आता मावसभाऊ. ज्याला मी या सगळ्या प्रश्नांचा कळस मानते तो प्रश्न १९६९ मध्ये नीट मांडला गेला. त्या वर्षी ‘ह्यूमन हेरेडिटी’ या नियतकालिकात एडमंड मर्फी आणि गुरुराज मुतालिक यांचा निबंध आला. बेझ या इंग्रज पाद्र्याचा शक्यतेविषयीचा नियम त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला होता. तो सल्ला मागायला आलेल्या कुटुंबांसाठी कसा वापरायचा हे या दोघांनी दाखवलं. मुतालिक हे आडनाव आपल्या ओळखीचं आहे. मला स्वतःला त्या निबंधाच्या शीर्षकाखाली ते नाव वाचून फार बरं वाटलं होतं. पद्धत साधी आहे. आधी दोन रकाने करायचे, ‘बाई वाहक आहे’ आणि ‘नाही’. पहिल्या ओळीत वंशावळीवरून येणारी आधीची शक्यता. दुसऱ्या ओळीत, ती वाहक असती किंवा नसती तर पुढं जे घडलं ते घडण्याची शक्यता. दोन्ही गुणायच्या, आणि शेवटी पहिल्या रकान्याचा वाटा एकूणात किती ते काढायचं. डस्टरनं चौकट पुसण्याचंच हे थोडं शिकलेलं रूप आहे. फरक इतकाच की इथं चौकट पूर्ण पुसली जात नाही, फिकी होते.

यासाठी मी वर्गात एक खरं घराणं घेते. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा लिओपोल्ड हिमोफिलियानं आजारी होता. मुलगी ॲलिस वाहक होती: तिचा लहानगा मुलगा फ्रीडरिश १८७३ मध्ये खिडकीतून पडला आणि रक्तस्रावानं गेला. ॲलिसच्या दोन मुली, इरेन आणि ॲलिक्स, यांनाही आजारी मुलगे झाले; ॲलिक्सचा मुलगा म्हणजे रशियाचा राजपुत्र अलेक्सेई. ॲलिसची सगळ्यात थोरली मुलगी व्हिक्टोरिया. तिला दोन मुलगे झाले, जॉर्ज आणि लुई, दोघेही निरोगी. हा लुई म्हणजे आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन. याच दोघांची थोरली बहीण धाकटी ॲलिस. तिला आधी चार मुली झाल्या आणि १० जून १९२१ रोजी कॉर्फू बेटावर एक मुलगा झाला. त्याचं नाव फिलिप. पुढं तो इंग्लंडच्या राणी एलिझाबेथचा नवरा झाला. प्रश्न असा: फिलिपच्या जन्माआधी, हा मुलगा हिमोफिलियाचा असण्याची शक्यता किती होती?

मराठीत विचारलं की प्रश्न अर्धा सुटतो. धाकट्या ॲलिसचा मामा आजारी, मावसभाऊ आजारी, सख्खे भाऊ दोघं निरोगी. मामा आणि मावसभाऊ यांच्यावरून आजी नक्की वाहक. घाईत असलेला विद्यार्थी इथून सरळ खाली उतरतो: आई वाहक असण्याची शक्यता निम्मी, ॲलिसची ४ पैकी १, फिलिप आजारी असण्याची ८ पैकी १. हे उत्तर चूक आहे, कारण दोन निरोगी भाऊ त्यानं वाचलेच नाहीत.

त्यांना वाचू या. आई व्हिक्टोरिया वाहक असण्याची आधीची शक्यता निम्मी, नसण्याची निम्मी. ती वाहक असती तर एक मुलगा निरोगी निघण्याची शक्यता निम्मी, दोघेही निरोगी निघण्याची पाव. वाहक नसती तर दोघे निरोगी निघणारच. पहिला रकाना: निम्म्याची पाव, म्हणजे एक-अष्टमांश. दुसरा रकाना: निम्मे, म्हणजे चार-अष्टमांश. एकूण पाच भाग, त्यांतला एक वाहकाचा. म्हणजे व्हिक्टोरिया वाहक असण्याची शक्यता निम्म्यावरून ५ पैकी १ वर आली. मग धाकटी ॲलिस १० पैकी १, आणि फिलिप आजारी असण्याची शक्यता २० पैकी १.

इथं नेहमी कुणीतरी विचारतं, “आणि आधीच्या चार मुली?” छान प्रश्न. वाहक मुलगीही निरोगी दिसते आणि वाहक नसलेलीही. चार निरोगी मुलींनी आईबद्दल काहीच सांगितलं नाही. वंशावळ वाचायची म्हणजे कोणतं चिन्ह बोलतं आणि कोणतं गप्प आहे ते ओळखायचं. चौकोन बोलले, वर्तुळं गप्प राहिली.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३५ मध्ये दाखवलं की असा जीवघेणा आजार टिकून राहतो तो नव्या उत्परिवर्तनांमुळं. त्यांच्या हिशोबानं जवळपास तिसरा हिस्सा रुग्णांत दोष नव्यानं जन्मलेला असतो. म्हणून घरात एकटाच मुलगा आजारी असेल, तर त्याची आई नक्की वाहक असं धरून चालता येत नाही. मामा आणि मावसभाऊ असे दोन वेगळे पुरुष असले तरच वरचा हिशोब पक्का. आणि आज जनुकाची तपासणी झाली की ५ पैकी १ असं काही उरत नाही; बाई वाहक असते किंवा नसते. २००९ मध्ये अलेक्सेईच्या अस्थींवरून त्या घराण्याचा आजार हिमोफिलिया बी होता हेही सिद्ध झालं. पण तपासणी कुणाची आणि आधी कुणाची करायची, हे वंशावळ वाचूनच ठरतं.

आता शेवटचा प्रश्न वाचकासाठी. फिलिप निरोगी निघाला. चालायला लागला, पडला, खरचटलं, रक्त थांबलं. हा आणखी एक बोलणारा चौकोन. १९२१ मध्ये २० पैकी १ धोक्याचा असलेला हा मुलगा आता आपल्या आईबद्दल साक्ष देतो आहे. त्याची साक्ष धरून, त्याची थोरली बहीण मार्गारिटा वाहक असण्याची शक्यता किती? कागद घ्या, दोन रकाने करा. धाकटी ॲलिस वाहक असण्याची शक्यता १० पैकी १ वरून १९ पैकी १ वर येते, आणि मार्गारिटाची ३८ पैकी १.